दादीचं पत्र अरबीत नेताना

अरबी भाषेत ‘काका’ आणि ‘मामा’ वेगळे आहेत, ‘आत्या’ आणि ‘मावशी’ही वेगळ्या आहेत. वडिलांचा भाऊ अम्म, आईचा भाऊ खाल, वडिलांची बहीण अम्मा आणि आईची बहीण खाला. इंग्रजीसारखं सगळ्यांना एकाच पोत्यात घातलेलं नाही. त्यामुळे मराठी पत्रातलं नातं अरबीत नेणं सोपं असेल असं कुणालाही वाटेल. पण ज्या एका नात्यासाठी हे पत्र लिहिलं गेलं होतं, त्या नात्यालाच अरबीत वेगळा शब्द नाही. दादी आणि नानी, दोघींनाही ‘जद्दा’च म्हणतात.

आमच्या भागातल्या एका घरची ही गोष्ट आहे. खाडीकाठचं गाव, दापोलीच्या बाजूचं. घरातला मोठा मुलगा कुवेतमध्ये नोकरीला होता. तिथेच त्याचं लग्न एका इजिप्शियन कुटुंबातल्या मुलीशी झालं. एक मुलगी झाली. दोन वर्षांपूर्वी त्याचं इंतिकाल झालं आणि त्याची बायको मुलीला घेऊन माहेरी, इस्कंदरियाला म्हणजे अलेक्झांड्रियाला परतली. मुलगी आता अकरा वर्षांची आहे. तिला अरबी येते, शाळेतली इंग्रजी येते, मराठी मात्र येत नाही. घरात मराठी बोलणारं माणूस एकच होतं, आणि तेच राहिलं नाही. फोनवर दादी आणि नात एकमेकींना बघतात, हसतात, दादी डोळे पुसते आणि फोन बंद होतो.

शेवटी दादीने वहीचा कागद घेतला आणि पत्र लिहिलं. तिच्या लेकीने, म्हणजे त्या मुलीच्या आत्याने, पत्राचा फोटो काढून मला पाठवला. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. बी.ए.ला अरबी विषय होता, आणि लग्नानंतर सात वर्षं कुवेतमध्ये राहिले तेव्हा शेजारी दोन्ही बाजूंना इजिप्शियन बिऱ्हाडं होती. त्यामुळे पुस्तकातली अरबी आणि जिन्यावरची अरबी, दोन्ही थोड्याफार कानात आहेत.

आधी वाचायचं, मग भाषांतर

पहिला फोटो कामाचा नव्हता. पिवळ्या दिव्याखाली काढलेला, फोन धरलेल्या हाताची सावली अर्ध्या पानावर, आणि कागद पातळ असल्यामुळे मागच्या बाजूची शाई पुढे उमटलेली. आत्याला सांगितलं, सकाळी खिडकीजवळ टेबलावर पत्र सपाट ठेव. कागदाखाली काळा किंवा गडद पुठ्ठा ठेव, म्हणजे मागची अक्षरं पुढे दिसणार नाहीत. फोन बरोबर वरून धर, तिरका नको. एका पानाचे दोन फोटो काढ, वरचा अर्धा आणि खालचा अर्धा, दोन्हींत मधल्या दोन ओळी आल्या पाहिजेत. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नकोस, डॉक्युमेंट म्हणून पाठव, कारण फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक रेषा पुसट होतात. मराठीत एक बारीक रेषा गेली की शब्दच बदलतो.

दादी चौथीपर्यंत शिकलेली. तिच्या अक्षरात शिरोरेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जाते, त्यामुळे शब्द कुठे संपला ते कळत नाही. अनुस्वार बहुतेक ठिकाणी नाहीत. ‘ख’ जुन्या पद्धतीचा, ‘र’ आणि ‘व’ सुटे वाटतील असा. ‘रवूप रवूप दुआ’ म्हणजे ‘खूप खूप दुआ’. ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच. ‘धर तुझंच आहे’ असं दिसतं, वाचायचं ‘घर तुझंच आहे’. अशी पत्रं मी कधीही सरळ भाषांतराला घेत नाही. आधी सगळं पत्र माझ्या अक्षरात वहीत उतरवते, एक ओळ सोडून एक ओळ, आणि शंका असलेल्या शब्दाभोवती पेन्सिलने गोल करते.

या पत्रात पाच गोल झाले. त्यातले चार संदर्भावरून सुटले. पाचवा महत्त्वाचा होता. ओळ अशी होती: ‘फोनवर तुला बघितलं आणि मन … रून गेलं.’ तिथे ‘भ’ होता की ‘म’? ‘मन भरून गेलं’ आणि ‘मन मरून गेलं’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर. ज्या आईचा मुलगा गेला आहे तिने दुसरं लिहिलं असतं तरी नवल नव्हतं. अशा ठिकाणी अंदाज करायचा नसतो, लिहिणारं माणूस हयात आहे तर त्यालाच विचारायचं. आत्याने फोन दादीच्या कानाला लावला. दादी म्हणाली, “अगो, भरून. नातीला बघून कोण मरतं?”

कुठली अरबी?

अरब घरातली पत्रं लेखी अरबीत म्हणजे फुसहामध्ये लिहिण्याची रीत आहे. पण दादीचं पत्र लेखी नव्हतंच. ती बोलत होती आणि बोललेलं कागदावर उतरत होतं. ते सगळं फुसहात नेलं असतं तर आजी खुतबा देते आहे किंवा टीव्हीवर बातम्या सांगते आहे असं वाटलं असतं. ‘तुम्ही दोघी या’ हे एकच वाक्य घ्या. फुसहात दोघांसाठी वेगळं द्विवचन लागतं आणि ते घरात कुणीही बोलत नाही.

म्हणून मी असं ठरवलं. सलाम आणि दुआ फुसहात, कारण त्या सगळीकडे तशाच म्हटल्या जातात. मधला मजकूर साध्या इजिप्शियन बोलीत, कारण त्या मुलीची नानी तिच्याशी त्याच भाषेत बोलते. मुलगी मोरोक्कोत किंवा सीरियात असती तर शब्द वेगळे घ्यावे लागले असते. अरबीत भाषांतर करायचं म्हटलं की पहिला प्रश्न हाच: वाचणारं माणूस कुठलं?

पत्राच्या माथ्यावर दादीने ‘७८६’ लिहिलं होतं. आपल्याकडे हा आकडा बघितला की बिस्मिल्लाह समजतो. अबजदच्या हिशोबाने अक्षरांची बेरीज करण्याची ही सवय भारतीय उपखंडातली आहे, अरब घरात तो नुसता आकडा वाटतो. मुलगी म्हणाली असती, हा फोन नंबर आहे का? तिथे मी पूर्ण ‘बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम’ लिहिलं. दादीला तेच म्हणायचं होतं.

उर्दू जाणणाऱ्याचे खड्डे

उर्दू येत असेल तर अरबी सोपी जाते, हे अर्धं खरं आहे. शब्द ओळखीचे असतात, अर्थ मात्र वाटेत बदललेले असतात. दादीचा एक परिच्छेद असा होता:

‘माझी तब्येत बरी आहे. तू मेहनत कर. फुरसत मिळेल तेव्हा दोन ओळी लिही. माझ्यामुळे तुझ्या मम्मीला तकलीफ नको.’

यात चार शब्द मुळात अरबी आहेत आणि चारही जसेच्या तसे ठेवता येत नाहीत. अरबीत ‘तबीआ’ म्हणजे स्वभाव किंवा निसर्ग, प्रकृतीला ‘सिह्हा’ म्हणतात. ‘मिह्ना’ म्हणजे संकट, कसोटी. दादी नातीला ‘संकट कर’ असं सांगते आहे असं झालं असतं. ‘फुरसा’ म्हणजे संधी. मोकळ्या वेळेसाठी ‘वक़्त फ़ाज़ी’ म्हणतात. आणि ‘तकलीफ़’ म्हणजे एखाद्यावर सोपवलेली जबाबदारी किंवा औपचारिकता. त्रासासाठी ‘तअब’ हा साधा शब्द आहे. म्हणून हे वाक्य बोलीत असं गेलं की ‘मला तुझ्या मम्मीला थकवायचं नाही’. दादीचा अर्थ तोच आहे.

नात्यांच्या शब्दांत तर हे जास्तच जपावं लागतं. आपण आईला ‘अम्मी’ म्हणतो. अरबीत ‘उम्मी’ म्हणजे माझी आई. पण सुरुवातीला अलिफच्या जागी ऐन आला तर ‘अम्मी’ म्हणजे माझा काका. ‘अम्मा’ ऐनने लिहिलं तर आत्या. लिहिताना एका अक्षराचा फरक, आणि आईचा काका होतो.

दादी म्हणजे कोण?

आता मुख्य शब्द. इजिप्तमध्ये आजीला लाडाने ‘तेता’ म्हणतात, मग ती आईची आई असो की वडिलांची. पहिल्यांदा हाच शब्द सुचतो. पण ती मुलगी एका तेताच्या घरातच राहते. पत्राखाली ‘तुझी तेता’ असं आलं असतं तर ती नानीची सही वाटली असती. ‘जद्दा’ हा शब्द शाळेच्या पुस्तकातला, त्यात माया येत नाही. ‘वडिलांची आई’ असं नुसतं लिहिलं तर रेशनकार्ड वाचल्यासारखं वाटतं.

मी आत्याला विचारलं, फोनवर मुलगी तिला काय हाक मारते? ती म्हणाली, “दादी. भाईने शिकवलं होतं, तेवढा एक शब्द येतो.” मग प्रश्नच मिटला. जो शब्द बापाने मुलीच्या तोंडात घातला आहे, तो भाषांतरात काढून टाकायचा नाही. मी ‘दादी’ तसाच अरबी अक्षरांत ठेवला, शेवटी ‘या’ स्पष्ट लिहून. हे स्पष्ट लिहिणं गरजेचं होतं, कारण इजिप्तमध्ये ‘दादा’ म्हणजे मुलं सांभाळणारी बाई. पहिल्या ओळीत एकदाच पुढे जोडलं: ‘बाबाची आई’. त्यानंतर सगळीकडे फक्त दादी.

‘फुफू’ मात्र मी ठेवला नाही. तो शब्द मुलीने कधी ऐकलेला नव्हता, आणि अरबीत त्याच्यासाठी नेमका शब्द आहे: अम्मितिक, तुझी आत्या. तो वाचला की अरब मुलीला कुणी समजावून सांगावं लागत नाही. ही बाई आपल्या बापाची सख्खी बहीण, हे तिला शब्दातच कळतं. मामी किंवा चाची पत्रात असती तर ‘मामाची बायको’, ‘चाचाची बायको’ असं फोड करून लिहावं लागलं असतं, कारण तिथे आपल्यासारखे सुटे शब्द नाहीत.

दादी नातीला हाक मारते ‘बाय’. आमच्या कोकणात लहान पोरीलाही बाय म्हणतात, त्यात मान आणि लाड दोन्ही आहेत. इजिप्तमध्ये लाडक्या मुलीला ‘सित्त इल-बनात’ म्हणतात, म्हणजे सगळ्या मुलींमधली मालकीण. ‘सित्त’ म्हणजे बाईच. इतकं चपखल फार क्वचित जमतं. अरब घरांत आणखी एक गंमत आहे. आई मुलाला ‘या मामा’ म्हणून हाक मारते, बाप ‘या बाबा’ म्हणतो. म्हणजे आपलंच नातं लेकराला देऊन टाकतात. म्हणून एका ठिकाणी, जिथे दादी म्हणते ‘ऐक गो बाय’, तिथे मी ‘इस्मई या दादी’ असं लिहिलं. आपल्याला हे उलटं वाटेल, त्या मुलीला ती घरातली हाक वाटेल.

साय, बोटं आणि निशाणी

दादीने लिहिलं होतं, ‘तू माझ्या दुधावरची साय.’ मुलगा दूध आणि नातवंड साय, हे आपल्याला सांगावं लागत नाही. अरबीत सायीला ‘क़िश्ता’ म्हणतात. पण इजिप्तच्या रस्त्यावर पोरं ‘क़िश्ता’ हा शब्द ‘मस्त’, ‘झकास’ अशा अर्थाने वापरतात आणि मुलींची छेड काढतानाही तो ऐकू येतो. आजीच्या तोंडी तो शोभला नसता. सुदैवाने त्यांच्याकडे याच भावाची म्हण आहे: ‘अअज़्ज़ इल-विल्द विल्द इल-विल्द’. लेकरांत सर्वांत लाडकं म्हणजे लेकराचं लेकरू. मी ती म्हण घेतली. साय गेली, पण दादीला म्हणायचं होतं ते पोचलं.

पुढे होतं, ‘इथूनच तुझ्यावरून बोटं मोडते.’ हे शब्दशः नेलं असतं तर मुलगी घाबरली असती की दादीची बोटं मोडली. आपण कानशिलावर बोटं कडकड मोडतो ती नजर उतरवायला. तिथे ही रीत नाही, पण नजर लागू नये ही काळजी आहेच. ‘माशाअल्लाह, रब्बिना यिह्मीकी मिन इल-ऐन’, अल्लाह तुला नजरेपासून जपो, असं लिहिलं. आणि कंसात एका ओळीत आमची रीत सांगितली, कारण पुढच्या वेळी फोनवर दादी खरोखर तसं करेल तेव्हा मुलीला ते ओळखता यावं.

‘तुझ्या फुफूने आंबापोळी घातली आहे’ हे मला वाटलं त्यापेक्षा सोपं गेलं. इजिप्तमध्ये रमजानात जर्दाळूच्या रसाची वाळवलेली वडी मिळते, तिला ‘क़मरुद्दीन’ म्हणतात. आंबा त्यांना माहीत आहेच, ‘मांगा’ म्हणतात. ‘आंब्याचं क़मरुद्दीन’ म्हटल्यावर चित्र लगेच उभं राहतं.

पण त्याच ओळीच्या पुढचं वाक्य होतं: ‘तुझ्या अब्बाला आवडते.’ आवडायची नव्हे, आवडते. मी भाषांतर माझ्या कुवेतच्या जुन्या इजिप्शियन शेजारणीला वाचून दाखवलं, तर ती इथेच थांबली. म्हणाली, इथे ‘कान’ घाल, ‘आवडायचं’ असं कर, आणि ‘अल्लाह यिर्हमुह’ जोड, नाहीतर आजी विसरभोळी झाली असं वाटेल. तिचं म्हणणं व्याकरणाला धरून होतं. पण दादी विसरलेली नव्हती. चार ओळी आधी तिनेच लिहिलं होतं, ‘अल्लाह माझ्या लेकाला जन्नत नसीब करो.’ ती दुआ भाषांतरात होती, म्हणजे वाचणाऱ्याला गैरसमज व्हायला जागा नव्हती. मी ‘आवडते’ तसंच ठेवलं. आईने वर्तमानकाळ लिहिला आहे, तो दुरुस्त करणं भाषांतर करणाऱ्याचं काम नाही.

त्याच्या खाली होतं, ‘तू माझ्या लेकाची निशाणी.’ यावर मी बराच वेळ अडले. निशाणी म्हणजे खूण, आठवणीची वस्तू असे अरबी शब्द आहेत, पण ते वस्तूंना शोभतात, लेकराला नाहीत. शेजारणीला विचारलं, तुमच्याकडे गेलेल्या माणसाचं लेकरू दिसलं की म्हातारी बाई काय म्हणते? ती लगेच म्हणाली, ‘इन्ती मिन रीहित इल-ग़ाली.’ तू त्या लाडक्याच्या सुगंधातली आहेस. यात ‘इल-ग़ाली’ म्हणजे प्रिय, मोलाचा. हे वाक्य तिथल्या प्रत्येक घरात ऐकू येतं, त्यामुळे ते आणलेलं वाटत नाही. ते तसंच लिहिलं.

सून, माफी आणि सही

‘मम्मीला सांग, ती माझी सून नाही, लेक आहे.’ इजिप्तमध्ये सुनेला ‘मिरात इब्नी’ म्हणतात, माझ्या मुलाची बायको. मुलगा गेल्यावर ‘विधवा’ हा शब्द कुणी घालू पाहील, तो अजिबात घालायचा नाही. ‘ती मिरात इब्नी नाही, ती माझी मुलगी’ इतकं साधं वाक्य पुरलं.

शेवटी दादीने आपल्या जुन्या पत्रांच्या रिवाजाने लिहिलं होतं, ‘चुकलंमाकलं माफ कर.’ आपल्याकडे याचा अर्थ लिहिण्यात चूक झाली असेल तर सांभाळून घे. पण म्हाताऱ्या आजीने नातीला ‘सामहीनी’ म्हटलं तर अरब घरात काळजी सुरू होते. आजीची तब्येत बिघडली का, ती निरोप घेते आहे का? म्हणून तिथे लिहिलं, ‘माझ्या अक्षराकडे बघू नकोस.’

एक गोष्ट मात्र मराठीत लपते आणि अरबीत लपत नाही. ‘ये’, ‘लिही’, ‘ऐक’ हे मराठीत मुलगा-मुलगी दोघांना सारखंच. अरबीत प्रत्येक क्रियापदाला मुलीचं रूप लागतं. संपूर्ण पत्र संपल्यावर मी फक्त क्रियापदं पाहत पुन्हा एकदा वाचलं. एकही पुरुषी रूप राहिलं असतं तर हे पत्र कुठून तरी उतरवलेलं आहे असं तिला जाणवलं असतं.

भाषांतर मी मूळ पत्राच्या फोटोखाली ओळीला ओळ जुळवून लिहिलं, उजवीकडून डावीकडे. म्हणजे वरची ओळ दादीच्या अक्षराची, खालची अरबी. पत्र मोठ्याने वाचून त्याचा आवाजही पाठवला, कारण लिहिलेली बोली वाचायची सवय मुलांना कमी असते. मूळ कागद आत्याने पोस्टाने पाठवला आहे.

चार दिवसांनी मुलीचं उत्तर आलं, अरबीत, रंगीत पेनने लिहिलेलं, फोटो जरा हललेला. आता ते मला मराठीत आणायचं आहे. पहिल्याच ओळीत तिने दादीला ‘हबीबत क़ल्बी’ म्हटलं आहे, आणि खाली विचारलं आहे की फोटोतल्या सातव्या ओळीतला, रेघेला लटकलेला तो लांब शब्द कुठला, तिला तो काढायला शिकायचा आहे. तो शब्द ‘आंबापोळी’ आहे.